तीन पानांची नोटीस, दोन पानांचे फोटो

२२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी माझ्या फोनवर दोन फोटो आले आणि त्यांच्याखाली एकच ओळ होती: ‘मावशी, बाबांना जेल होणार काय?’

पाठवणारा पेडणे तालुक्यातल्या एका मांडववाल्याचा मुलगा. त्याच्या बाबांना मी भाऊ म्हणते, आईला वहिनी. घरात सगळ्यांचं शिक्षण मराठीतून झालेलं आणि नोटीस इंग्रजीत. मी म्हापशात बावीस वर्षं वकिलांच्या कार्यालयात टायपिंगचं आणि फायली सांभाळायचं काम केलं, त्यामुळे ओळखीतल्या लोकांकडे असा कागद आला की त्याचा फोटो माझ्याकडे येतो. मी वकील नाही. कागदात काय मागितलंय, कधीपर्यंत, आणि गप्प बसलं तर काय होऊ शकतं, एवढं मी साध्या मराठीत लिहून देते. पुढे काय करायचं ते वकिलानं सांगायचं. हे प्रकरण मी त्या कुटुंबाच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण तारखांमधलं अंतर आणि रकमांचा मेळ जसा होता तसाच ठेवला आहे, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

माझ्याकडे येण्याआधी कॉलेजात शिकणाऱ्या एका भाच्यानं नोटीस वाचून घरच्यांना सारांश सांगितला होता. तो असा: ‘तीन लाख व्याजासकट पंधरा दिवसांत भरा, नाहीतर दोन वर्षं जेल. नोटीस बारा तारखेची आहे, म्हणजे सत्तावीसपर्यंत वेळ.’ मुलगा हुशार आहे, इंग्रजी चांगलं आहे, आणि यातला एकही शब्द त्यानं मनानं रचलेला नव्हता. तरी हा सारांश चार ठिकाणी चुकला होता. त्यातली एक चूक तर त्याची नव्हतीच, ती फोटोंची होती.

आधी फोटोंबद्दल. पहिल्या फोटोत वरचा भाग कापला गेला होता, त्यामुळे कागद कुणाकडून आला हेच दिसत नव्हतं. घरातल्या सगळ्यांनी तो ‘कोर्टाचा कागद’ धरला होता आणि वहिनी दोन दिवस जेवल्या नव्हत्या. पण मजकुराची सुरुवातच ‘अंडर इन्स्ट्रक्शन्स फ्रॉम माय क्लायंट’ अशी होती, म्हणजे ‘माझ्या अशिलाच्या सांगण्यावरून’. असं वकील लिहितो, कोर्ट लिहीत नाही. कोर्टाच्या समन्सवर खटल्याचा क्रमांक असतो, हजर राहायची तारीख असते, कोर्टाचा शिक्का असतो. इथे यातलं काहीच नव्हतं. हा समोरच्या माणसाच्या वकिलानं लिहिलेला कागद होता आणि खटला अजून उभा राहिलेला नव्हता. मी सगळ्यात आधी एवढंच कळवलं, कारण भेदरलेल्या माणसाला पुढच्या तारखा सांगून उपयोग नसतो.

दुसऱ्या फोटोच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘२ ऑफ ३’ असं होतं. पानाचं शेवटचं वाक्य अर्ध्यावर तुटलं होतं: ‘दॅट अपार्ट फ्रॉम द अबव्ह’, म्हणजे ‘याखेरीज’, आणि पुढे काही नाही. वकिलाची नोटीस सहीनं संपते. सही दिसत नसेल तर आपल्यापुढे पूर्ण नोटीस नाही, हे पक्कं धरून चालावं. मी मुलाला तिसऱ्या पानाबद्दल विचारलं तर तो म्हणाला, ‘त्यात नुसती सही आहे असं वाटून पाठवलं नाही.’ ते पान तासाभरात आलं आणि त्यावर सहीच्या वर आणखी एक मागणी होती. तिची मुदत दोन दिवसांत संपत होती. तिच्याकडे मी पुढे येतेच.

तिन्ही पानं मी नव्यानं काढून मागितली. टेबलावर सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, चारही कोपरे दिसतील अशी. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून, कारण फोटो म्हणून पाठवला की ॲप तो दाबून लहान करतं आणि आकड्यांच्या कडा विरघळतात. पहिल्या खेपेला चेकची रक्कम तीन लाख की आठ लाख हे मला खरोखर कळत नव्हतं. इंग्रजी आकड्यांत ३ आणि ८ पुसट फोटोत जुळ्या भावांसारखे दिसतात. अशा वेळी अंदाज करायचा नाही, तीच रक्कम अक्षरांत कुठे लिहिलीय ते शोधायचं. दुसऱ्या परिच्छेदात ‘रुपीज थ्री लॅक्स ओन्ली’ होतं, म्हणून तीन लाख. चेक परत आल्याची तारीख मात्र आकड्यांतच होती आणि ती २१ ऑक्टोबर की २४ ऑक्टोबर हे नव्या फोटोशिवाय कळलं नाही. नवा फोटो येईपर्यंत माझ्या टिपणात ‘२१ किंवा २४, कागद पाहून ठरवणे’ असंच होतं. स्वच्छ न दिसलेला आकडा सारांशात स्वच्छ करून लिहिणं ही सगळ्यात घातक चूक आहे, कारण पुढचा वाचणारा मूळ कागदाकडे परत जात नाही.

आणि पाकीट. पाकिटाचा फोटो कुणी पाठवत नाही, कारण त्यावर आपलंच नाव-पत्ता असतं. मी तो हट्टानं मागितला. त्यावर स्पीड पोस्टचा क्रमांक होता. तो पोस्टाच्या संकेतस्थळावर टाकला तेव्हा पत्र १३ नोव्हेंबरला पोस्टात पडलं आणि १७ नोव्हेंबरला घरी पोचलं असं दिसलं. वहिनींनाही आठवत होतं, त्यांनीच सही करून घेतलं होतं. ही १७ तारीख नोटिशीच्या तीन पानांवर कुठेही नव्हती, असणं शक्यही नव्हतं. तरी सगळ्या मुदती तिच्यावरच टांगलेल्या होत्या.

आता प्रकरण काय होतं ते. भाऊंनी म्हापशाच्या एका व्यापाऱ्याकडून मांडवाचं कापड आणि खुर्च्या मिळून तीन लाखांचा माल उधारीवर घेतला. १० ऑगस्टची तारीख घालून तीन लाखांचा चेक दिला. चवथीचा, म्हणजे गणपतीचा, हंगाम झाल्यावर, सप्टेंबरात, त्यांनी यूपीआयनं साठ हजार भरले. उरलेले व्हडल्या दिवाळीनंतर, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर, लग्नं सुरू झाली की देतो, असं तोंडी ठरलं होतं असं भाऊ सांगतात. ऑक्टोबरात व्यापाऱ्यानं चेक बँकेत टाकला, आणि २४ ऑक्टोबरला तो ‘फंड्स इन्सफिशियंट’ असा शेरा घेऊन परत आला. खात्यात पुरेसे पैसे नव्हते. चेक तारखेपासून तीन महिन्यांच्या आत टाकलेला होता, म्हणजे शिळा झालेला नव्हता.

नोटीस वाचताना मी सुरुवातीची पाच-सहा कलमं आधी वाचत नाही. तिथे सहसा गोष्ट असते: माझे अशील प्रतिष्ठित व्यापारी आहेत, तुम्ही त्यांच्याकडे आलात, माल घेतलात, वगैरे. ती समोरच्याची बाजू असते आणि तिची भाषा जाणूनबुजून कडक ठेवलेली असते. मी तीन शब्दखुणा शोधते. ‘कॉल अपॉन यू’ जिथे येतं तिथे मागणी असते. ‘विदिन’ जिथे येतं तिथे मुदत. आणि ‘फेलिंग विच’ म्हणजे ‘तसं न केल्यास’, तिथून पुढे परिणाम. या नोटिशीत ‘कॉल अपॉन यू’ दोनदा होतं, एकदा दुसऱ्या पानावर आणि एकदा तिसऱ्या. एकदा सापडलं की वाचणं थांबवायचं नाही, हा धडा मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षातच घेतलेला आहे.

दुसऱ्या पानावरची मागणी एका वाक्यात होती, पण तिच्या पोटात तीन वेगळ्या रकमा होत्या: चेकचे तीन लाख, त्यावर वर्षाला अठरा टक्के व्याज, आणि नोटिशीचा खर्च दहा हजार. भाच्यानं त्या एकत्र बांधल्या. तशा बांधता येत नाहीत, कारण न दिल्यास होणारा परिणाम तिन्हींना सारखा नाही. नोटीस परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या, कलम १३८ खाली होती. या कलमाखालचा गुन्हा फक्त चेकच्या रकमेशी बांधलेला आहे. चेकची रक्कम मुदतीत दिली की या कलमाखालचा फौजदारी खटला उभा राहत नाही. व्याज आणि खर्च यांवर व्यापारी हक्क सांगू शकतो, पण त्यासाठी त्याला दिवाणी कोर्टात जावं लागतं आणि हक्क शाबीत करावा लागतो. चेकची रक्कम वेगळी ओळखू येत असेल तर सोबत व्याज-खर्च मागितल्यानं नोटीस बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच म्हटलेलं आहे. म्हणजे व्यापाऱ्याच्या वकिलानं काही वावगं केलं नव्हतं. पण भाऊंच्या हिशेबात याचा फरक मोठा होता. व्याज आणि खर्च धरून सव्वातीन लाखांच्या वर जाणारा आकडा जमत नाही म्हणून ते काहीच न भरण्याच्या विचारात होते.

आता तारखा. इथे मी थोडी रेंगाळते.

नोटिशीवर १२ नोव्हेंबर होती आणि भाच्यानं तिथूनच पंधरा दिवस मोजले. कायदा म्हणतो, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस. मिळाल्याचा दिवस मोजायचा नाही, दुसऱ्या दिवसाला एक म्हणायचं. १७ ला मिळाली, म्हणून १८ नोव्हेंबर हा पहिला दिवस आणि २ डिसेंबर हा पंधरावा. भाच्याच्या हिशेबानं पाच दिवस आधीच मुदत संपत होती. ही चूक निदान सुरक्षित बाजूची होती. पण लोक उलटही चुकतात. कुणी रविवार आणि सुट्ट्या वगळून मोजतात, कुणी घरच्या कर्त्या माणसाच्या हातात कागद आला तिथून मोजतात. भाऊ त्या आठवड्यात मांडव घालायला सावंतवाडीला गेले होते आणि त्यांनी नोटीस २१ ला पाहिली. ‘मला एकवीसला मिळाली’ असं ते म्हणत होते. पण घरच्या पत्त्यावर घरच्या माणसानं सही करून घेतली, तेव्हा १७ हीच तारीख धरणं शहाणपणाचं. सही केली म्हणून कर्ज कबूल केलं असं मुळीच होत नाही, हे वहिनींना दोनदा सांगावं लागलं. आणि पत्र घ्यायला नकार देऊन कुणी सुटत नाही. बरोबर पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत गेलं तरी ते मिळालंच असं कोर्ट धरून चालू शकतं.

या पंधरा दिवसांत करायचं काय, हेही नीट वाचावं लागतं. सगळे म्हणतात, पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं. नोटिशीत आणि कायद्यात पंधरा दिवस आहेत ते पैसे देण्यासाठी. उत्तर देण्याची वेगळी मुदत कायद्यानं घातलेली नाही. म्हणून मी सारांशात ‘न दिल्यास’ आणि ‘उत्तर न दिल्यास’ यांचे दोन वेगळे परिच्छेद करते. पैसे न दिल्यास पंधरावा दिवस उलटल्यावर, इथे ३ डिसेंबरपासून, व्यापाऱ्याला तक्रार करण्याचं कारण मिळतं. तिथून एक महिन्यात त्यानं दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात तक्रार घालायची असते, आणि उशिराचं सबळ कारण दाखवलं तर कोर्ट थोडा उशीर माफही करू शकतं. म्हणजे डिसेंबरभर काही आलं नाही याचा अर्थ प्रकरण विझलं असा नव्हे. खटला पेडण्यात नव्हे, तर व्यापाऱ्याचं खातं ज्या बँक शाखेत आहे तिथल्या, म्हणजे म्हापशाच्या, कोर्टात चालेल. २०१५ च्या दुरुस्तीपासून तसं आहे.

उत्तर न दिल्यास काय? उत्तर न देणं हा गुन्हा नाही. पण कायदा मुळात असं गृहीत धरतो की चेक कर्ज फेडण्यासाठीच दिला होता, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी चेक देणाऱ्यावर टाकतो. अशा वेळी पहिल्याच संधीला आपली बाजू न मांडणारा माणूस कोर्टात मागाहून ती मांडू लागला तर त्याच्यावर विश्वास कमी बसतो. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की नोटिशीला उत्तर न देण्यावरून तक्रारदाराच्या म्हणण्यात तथ्य असल्याचा तर्क निघू शकतो. त्यामुळे बचावाचं दार बंद होत नाही, पण अरुंद होतं. भाऊंकडे तर सांगण्यासारखं ठोस काही होतं: ते साठ हजार.

नोटिशीत साठ हजारांचा उल्लेखच नव्हता. हा मला या प्रकरणातला सगळ्यात नाजूक भाग वाटला. सारांश म्हणजे कागदात आहे ते. साठ हजार कागदात नव्हते, म्हणून मी मागणीचा आकडा दोन लाख चाळीस हजार असा ‘दुरुस्त’ करून लिहू शकत नव्हते. तसं केलं असतं तर समोरच्यानं कमी मागितलंय असा समज झाला असता. पण तो मुद्दा गाळणंही चुकलं असतं. म्हणून टिपणाच्या खाली एक रेघ मारली आणि रेघेखाली लिहिलं: ‘नोटिशीत नाही, पण वकिलाला पहिल्यांदा सांगायचं: चेक बँकेत टाकण्याच्या आधी साठ हजार यूपीआयनं दिले. बँकेचं स्टेटमेंट काढून सोबत न्या.’ याला महत्त्व का, तर चेक दिल्यावर आणि तो बँकेत टाकण्याआधी काही रक्कम फेडली गेली असेल आणि चेकवर तशी नोंद न करता तो पूर्ण रकमेला टाकला असेल, तर त्या दिवशी चेकवरची रक्कम खऱ्या देण्याइतकी नसते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा चेकवर कलम १३८ लागू होत नाही असं म्हटलं आहे. पण ते साठ हजार याच मालापोटी होते की जुन्या दुसऱ्या कुठल्या हिशेबापोटी, यावर सगळं अवलंबून. ते ठरवणं माझं काम नव्हतं आणि भाच्याचंही नव्हतं.

आता ‘दोन वर्षं जेल’. हे शब्द नोटिशीत नव्हते. भाच्यानं ते इंटरनेटवरून आणून जोडले होते. नोटिशीत होतं ते ‘दिवाणी आणि फौजदारी कारवाई, तुमच्या खर्चानं आणि जबाबदारीवर’ एवढंच. कायद्यात दोन वर्षं आहेत हे खरं, पण ‘दोन वर्षांपर्यंत’ कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तेही खटला चालून दोष शाबीत झाल्यावर. ही कमाल मर्यादा आहे. आणि कुठल्याही टप्प्यावर दोन्ही बाजूंना हे प्रकरण तडजोडीनं मिटवता येतं, तशी तरतूद त्याच कायद्यात आहे. कागद जे म्हणतो आणि कायदा जे म्हणतो ते मी नेहमी वेगळं लिहिते. ‘नोटीस म्हणते’ अशी एक ओळ, त्याखाली ‘कायद्यात आहे’ अशी दुसरी. दोन्ही एकाच वाक्यात आली की वाचणाऱ्याला वाटतं वकिलानं शिक्षाच सुनावली.

मग तिसरं पान. त्या तुटक्या वाक्याच्या पुढे असं होतं: चवथीच्या वेळी भाऊंनी त्याच व्यापाऱ्याकडून दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्यानं नेल्या होत्या, त्या परत आलेल्या नाहीत, त्या सात दिवसांत परत करा, तसं न केल्यास रोज खुर्चीमागे भाडं आकारू आणि फौजदारी कारवाई करू. ‘सात दिवस’ मिळाल्यापासून मोजले तर २४ नोव्हेंबर. तिसरं पान माझ्याकडे आलं २२ ला रात्री.

इथे मी मुलाला एक फरक सांगितला. पंधरा दिवसांची मुदत कायद्याची आहे, ती चुकली की कायद्यानं काहीतरी घडतं आणि मागे घेता येत नाही. सात दिवसांची मुदत त्या वकिलानं स्वतः घातलेली आहे. कायद्यात कुठेही सात दिवस नाहीत. ती चुकली म्हणून आठव्या दिवशी आपोआप काही होत नाही, फक्त समोरचा पुढचं पाऊल टाकायला मोकळा होतो, आणि तो तसा आधीही मोकळाच होता. तसंच ‘फौजदारी’ हा शब्द नोटिशीत दोनदा आला तरी दोन्हीकडे त्याचं वजन एक नाही. चेकसाठी खास कलम आहे. भाड्याच्या खुर्च्या उशिरा परत करणं हा मुळात हिशेबाचा वाद असतो. त्याला गुन्हा म्हणायचं तर अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो. पण एवढं सांगून मी पुढे हेही म्हटलं की मागणी रास्त असेल तर मुदत कुणी घातली याला काय करायचं. खुर्च्या होत्या ना? होत्या. मांडवाच्या गोदामात मागच्या भिंतीला लावून ठेवलेल्या. परत करायचं राहून गेलं होतं.

त्या रात्री मी लिहून दिलेलं टिपण जवळजवळ शब्दशः असं होतं:

‘हा कोर्टाचा कागद नाही. म्हापशाच्या व्यापाऱ्याच्या वकिलाची नोटीस आहे, तीन पानांची, तिन्ही पानं पाहिली. तुम्हाला १७ नोव्हेंबरला मिळाली.

पहिली मागणी चेकचे ३,००,००० रुपये. शेवटचा दिवस २ डिसेंबर. ही मुदत कायद्याची आहे. तोवर पैसे समोरच्याच्या खात्यात पोचले पाहिजेत, नवा चेक देऊन भागणार नाही. न दिल्यास ३ डिसेंबरपासून साधारण महिनाभरात म्हापशाच्या कोर्टात फौजदारी तक्रार होऊ शकते.

याच मागणीत व्याज १८ टक्के आणि खर्च १०,००० रुपयेही मागितले आहेत. ते न दिल्यानं चेकचा खटला होत नाही, पण त्यासाठी वेगळा दिवाणी दावा होऊ शकतो.

दुसरी मागणी २०० खुर्च्या परत करा. २४ नोव्हेंबरपर्यंत. ही मुदत त्यांच्या वकिलाची. न केल्यास भाडं वाढवून मागतील आणि कारवाई करू म्हणतात.

उत्तर देण्याची सक्ती नाही, पण न दिल्यास पुढे तुमची बाजू कमकुवत होऊ शकते. उत्तर वकिलाकडूनच द्या, स्वतः व्यापाऱ्याला फोन करून किंवा मेसेज करून काही कबूल करू नका.’

रेघेखालची साठ हजारांची ओळ वर दिलीच आहे. हे टिपण मुलानं आईला आणि आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आजोबांनी एकच विचारलं, ‘म्हणजे पोलीस येणार नाहीत ना उद्या?’ मी म्हटलं, नाही, आजोबा. आणि हे मी टिपणात लिहायला हवं होतं असं मला त्याच क्षणी वाटलं. आता मी लिहिते: ‘या कागदामुळे उद्या घरी कुणी येणार नाही.’ पहिल्या ओळीनंतर लगेच.

पुढचं थोडक्यात. २४ नोव्हेंबरला भाऊंनी टेंपोत खुर्च्या घालून म्हापशाला नेल्या आणि व्यापाऱ्याच्या गोदामात उतरवून १९७ खुर्च्या मिळाल्याची लेखी पोच घेतली. तीन मोडल्या होत्या, त्या मोडक्या खुर्च्याही नेल्या आणि तसंही पोचेवर लिहून घेतलं. पोचेचा फोटो मुलानं मला पाठवला, या वेळी चारही कोपऱ्यांसकट. २५ ला ते पेडण्यातल्या एका वकिलांकडे गेले. वकिलांनी मूळ नोटीस, पाकीट, बँकेचं स्टेटमेंट पाहिलं आणि साठ हजारांबद्दल बराच वेळ विचारलं. सुदैवानं यूपीआयच्या नोंदीत भाऊंनी बिलाचा क्रमांक टाकला होता, त्यामुळे पैसे कुठल्या मालापोटी गेले हे कागदावर होतं.

वकिलांनी दोन रस्ते सांगितले. पूर्ण तीन लाख भरून चेकचा प्रश्न तिथेच संपवायचा आणि जादा गेलेले साठ हजार मागाहून मागायचे. किंवा दोन लाख चाळीस हजार भरून उत्तरात साठ हजारांचा पुरावा जोडायचा. दुसऱ्या रस्त्यात धोका उरतो असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. समोरचा तरीही तक्रार करू शकतो, आणि मग तोच मुद्दा कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं. भाऊंना पहिला रस्ता पैशांअभावी शक्यच नव्हता. पतसंस्थेकडून कर्ज आणि दोन लग्नांची आगाऊ रक्कम मिळून त्यांनी दोन लाख चाळीस हजार १ डिसेंबरला आरटीजीएसनं भरले, मुदतीच्या एक दिवस आधी, म्हणजे बँकेत काही अडलं तर हातात एक दिवस राहावा. उत्तर त्याआधीच, २८ नोव्हेंबरला, स्पीड पोस्टनं गेलं होतं.

डिसेंबरच्या मध्यावर व्यापाऱ्याच्या वकिलाचं दोन ओळींचं पत्र आलं. मुलानं लगेच त्याचा फोटो पाठवला, आणि न मागता पाकिटाचाही. साठ हजार मिळाल्याचं त्यांनी मान्य केलं होतं. व्याजाचा हक्क आम्ही ‘विदाउट प्रेज्युडिस’ राखून ठेवतो, असं पुढे होतं. मुलानं विचारलं, याचा अर्थ काय. मी लिहिलं: ‘मूळ रकमेवर आता त्यांची तक्रार दिसत नाही. व्याज सोडलेलं नाही, पण या पत्रात मागितलंही नाही. मुदत कुठलीच नाही. तरी वकिलांना दाखवून घ्या.’

जानेवारीचे पहिले दिवस गेले, समन्स आलं नाही. व्याजाचं अजून मिटायचं आहे. तीन मोडक्या खुर्च्यांच्या किमतीवरूनही दोघांत बोलणं चालू आहे, आणि आता ते दोघं एकमेकांशी बोलतात, वकिलांमार्फत नव्हे.